पहाटेची हातबोशी

१

पनवेलला उरण नाक्याजवळ सायमन आपटेकरांचं लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान आहे, आणि त्या दुकानात तेलापेक्षा गप्पाच जास्त गाळल्या जातात असं गिऱ्हाइकं म्हणतात. सायमनला ते मान्य आहे. माणूस एक लिटर तेल घ्यायला येतो, अर्धा तास बसतो आणि जाताना दोन लिटर घेऊन जातो, यात कुणाचं काय वाईट झालं?

सायमन बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. पूर्वज कोकणातले तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. वडील मात्र सरकारी नोकरीत गेले, सायमनही वीस-बावीस वर्षं कारकुनी करत होता. पुढे त्याने नोकरी सोडली आणि घाणा घेतला. शिकवणारं कुणी नव्हतं. शेंगदाणा किती सुकवायचा, तीळ किती वेळ फिरवायचा, हे त्याला बोटांनीच शिकवलं. अंगठा आणि तर्जनी यांच्यात थेंब घेऊन चोळला की तेल कालचं की आजचं, त्यात काही मिसळलंय का, हे तो डोळे मिटून सांगायचा. एकदा खारघरच्या एक बाई स्वतःच्या घरून तीन वाट्या झाकून घेऊन आल्या होत्या, परीक्षा घ्यायला. सायमनने बोटं बुडवली आणि म्हणाला, "पहिलं माझं, दुसरं बाजारातलं. आणि ताई, तिसऱ्यात काल तुम्ही मासे तळलेत." बाई तेव्हापासून नेमाने येतात.

घाणा पहाटे सुरू होतो. थंड वेळेला तेल चांगलं निघतं म्हणून, असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. खरं कारण वेगळं आहे. पहाटे चारला त्याचे डोळे आपोआप उघडतात. लहानपणापासून. गजर फक्त भरवशाला.

आणि पहाटे चारला त्याची बायको हेप्झिबा नुकतीच झोपलेली असते.

२

लग्नाआधी हे कुणी विचारत नाही. शिक्षण विचारतात, स्वयंपाक विचारतात, मुलगी किती वाजता झोपते हे कोण विचारणार? सायमनच्या आईला ते लग्नानंतर आठवड्याभरात कळलं आणि ती मरेपर्यंत ते तिने मनावर घेतलं होतं. "सून उठली का रे?" हा प्रश्न ती सकाळी सात वाजल्यापासून मुलाला विचारायची, जणू सून म्हणजे बाजारभाव.

हेप्झिबा आळशी नव्हती. चित्रपटांच्या खाली जी भाषांतरं येतात, ती लिहिण्याचं काम ती घरून करते. रात्री दहानंतर तिचं डोकं असं चालतं की दिवसभरात न सुचलेला शब्द तेव्हा हात जोडून समोर उभा राहतो. तिचे वडीलही असेच होते. रात्री दोनला रेडिओ उघडून दुरुस्त करत बसायचे.

सुरुवातीला दोघांनी एकमेकांना सुधारायचं ठरवलं. आठवड्याला पाव तास असं करत तिने झोप अलीकडे आणली. संध्याकाळचा चहा सोडला, सकाळी उठल्या उठल्या गच्चीत उन्हात उभी राहिली. महिना-दीड महिना जमलंही. पण दिवसभर डोकं जड, चिडचिड, आणि एका लग्नाला उशिरापर्यंत थांबावं लागलं तशी सगळी गाडी एका रात्रीत मूळ पदावर. मग सायमनने जागून पाहिलं. रात्री अकराला जेवणाच्या टेबलावर त्याचं कपाळ वाटीत पडलं आणि पहाटे चारला डोळे उघडले ते उघडलेच.

शेवटी खारघरच्या एका डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "हा आजार नाही. तुमची शरीरं अशीच आहेत. एकमेकांची झोप बदलायला जाऊ नका, भेटायची वेळ ठरवा."

त्यांनी ती ठरवली, आणि या बाबतीत दोघंही चोख निघाली. सायमन दुपारी घरी जेवायला येतो, तो तिचा नाश्ता. पण तिला उठून तासभर झाल्याशिवाय गंभीर काही विचारायचं नाही. बिलं, पाहुणे आणि भांडणं संध्याकाळी पाचच्या चहाला, कारण तेव्हा दोघांचंही डोकं ताळ्यावर असतं. आठनंतर भांडायला बंदी. तेव्हा त्याला नीट ऐकू येत नाही आणि तिला नेमकी धार चढते. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचे, दिवे लावून मनुकांचं सरबत घेतलं की त्या रात्री तिने संगणक उघडायचा नाही. रात्री तो आडवा झाला की ती त्याच्या शेजारी येऊन पडते, त्याला झोप लागेपर्यंत बोलते, आणि मग हळूच उठून आपल्या कामाला जाते. पांघरुणं दोन. खिडकीला जाड काळा पडदा, तिच्या सकाळच्या झोपेसाठी. त्याचे पहाटेचे कपडे आदल्या संध्याकाळीच न्हाणीघरात टांगलेले, फोन उशीखाली थरथरणारा, आणि दिवा कोणी कधीच लावायचा नाही.

या सगळ्यावर एक नियम हेप्झिबाचा. शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपली की लोक हातबोशी करतात. म्हणजे समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा, सोडायचा आणि आपली बोटं आपल्या ओठांना लावायची. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ती हातोहात जाते. हेप्झिबा म्हणाली, "आपण रोज करायची. तू निघताना. मी झोपेत असले तरी."

तिने हे का मागितलं ते सायमनला माहीत होतं. त्याचा चुलतभाऊ नोम आणि त्याची बायको निरीत यांचं लग्न असंच सरलं होतं. तो दिवसा, ती रात्रपाळीला. मारहाण नाही, दारू नाही, कोर्टात सांगायला काही कारणही नाही. निरीत एवढंच म्हणाली होती, "आमचं भेटायचं राहून गेलं." सायमनला त्या वाक्याची फार भीती वाटे.

म्हणून रोज पहाटे तो अंधारात तिच्या बाजूला वाकायचा, पांघरुणात हात घालून तिचा हात शोधायचा, दोन्ही हातांत धरायचा. त्याच्या बोटांना तेलाचा वास कायमचाच, त्यापुढे साबण हरलेला. ती झोपेतच नाक फेंदारून ओळखायची, "शेंगदाणा." किंवा "तीळ." चुकली की तो हसायचा. मग ती पुटपुटायची, "निघालास का?"

"हो. निघालो."

कधी कधी वर म्हणायची, "एकदा थांब ना." पण घाणा थांबत नाही, आणि गव्हाणहून पहिली गाडी पकडून आलेला घाण्यावरचा गडी आनंदा दुकानाच्या शटरसमोर वाट बघत उभा असतो.

३

त्यांची मुलगी तोवा इस्राएलला गेली, त्याला आता दोन वर्षं होत आली. घर मोठं झालं. हेप्झिबाचं काम वाढलं, दिवाणखान्यातला तिचा दिवा आणखी उशिरापर्यंत जळू लागला. आणि सायमनला अधूनमधून एक काळजी वाटू लागली. ती झोपायला येई तेव्हा पलंग हलून त्याची झोप मोडायची, आणि पहाटे तीनला मोडलेली त्याची झोप पुन्हा जुळत नाही. दुपारी गल्ल्यावर पेंग येऊ लागली. संध्याकाळच्या चहालाही तो जांभया देई. चहाची वेळ गेली तर मग उरलं काय?

गणपतीच्या सुमारास ते आपोआप थांबलं. झोप मोडेना. त्याला वाटलं, ती आता फार जपून येते.

आणि आणखी एक चांगली गोष्ट झाली. पूर्वी तिचा हात शोधावा लागे. कधी उशीखाली, कधी पोटाशी दुमडलेला. आता तो शोधावा लागत नव्हता. तो वाकला की हात पांघरुणाबाहेर आलेलाच असायचा, पलंगाच्या कडेला, तळवा वर. सायमनला ते फार आवडलं. इतक्या वर्षांच्या सवयीने झोपेतल्या माणसालाही कळू लागतं, असं त्याने आनंदाला कौतुकाने सांगितलं.

आनंदा शेंगदाणे पाखडत म्हणाला, "शेट, आमची रंभा तं जागेपनी पन हात देत नाय. तुमचं भारीच हाय."

फक्त तेलाचं नाव ती आता घेत नव्हती. हात दिला जाई, गार, मऊ, जरा जास्तच वेळ, पण "तीळ" नाही आणि "शेंगदाणा" नाही. "निघालास का?" तेवढं मात्र यायचं. उलट अधिक स्पष्ट. तो म्हणायचा, "हो, निघालो," आणि हात सुटायचा.

एकदा जिना उतरताना त्याने सवयीने बोटं नाकाशी नेली. आदल्या दिवशी दिवसभर खोबरं गाळलं होतं. बोटांना कसलाच वास नव्हता. सर्दी झाली असेल, म्हणून तो पुढे गेला.

४

सर्दी नव्हती. कारण दुकानात शिरल्याबरोबर पेंडीचा वास आलाच.

कार्तिकात एका जुन्या गिऱ्हाइकाने तेल परत आणलं. कुमार नावाचा भला माणूस, जासईला कंटेनरच्या गोदामात नोकरीला. संकोचत म्हणाला, "सायमनशेठ, तुमच्या तेलाबद्दल मी बोलणं बरं नाही, पण हे खवट आहे हो."

सायमनने थेंब बोटावर घेतला, चोळला. अंगठ्याला तर्जनी लागली आहे हे त्याला दिसत होतं. कळत नव्हतं. मध्ये एखादी रबरी पिशवी असावी तसं. त्याने पुन्हा चोळलं, आणखी जोराने.

"काय झालं शेट?" आनंदाने विचारलं.

"काही नाही. सांग बघू, कसं आहे?"

आनंदाने बोट चाटलं, थुंकला. "ह्ये तं कवाच गेलंय. तुमीच परवा बाटली भरलीव. आमी म्हनलं बी, वास येतो. तं तुमी म्हनलं, माझी बोटं सांगतात चांगलं हाय."

सायमनने कुमारला नवी बाटली दिली, सोबत चिक्कीचा पुडा दिला आणि एक गमतीची गोष्टही सांगितली. कुमार हसत गेला. मग सायमन मागे गेला आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला. पाणी गार आहे की कोमट, ते मनगटाला कळत होतं. बोटांना नव्हतं.

व्यापारी माणूस आधी हिशेबी कारण शोधतो. त्याने साखर तपासली, ठीक निघाली. डॉक्टरांनी मान दुखते का विचारलं, नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेनंतर सर्वांत थोरले यायरकाका त्याच्याकडे वळले. त्यांचे हात म्हणजे जुनी सागाची फळी, सुतारकामाने चिरलेले. सायमनने तो हात दोन्ही हातांत घेतला. काही नाही. तो हात धरून आहे हे फक्त पाहून कळत होतं.

विचित्र हे की त्याला भीती वाटली नाही. वाटायला हवी, हे त्याला समजत होतं. तो बोटं ओठांना लावून घरी आला.

५

घरी हेप्झिबा चहाच्या कपाचे तुकडे गोळा करत होती.

"या आठवड्यातला दुसरा," ती म्हणाली. "हातात आहे असं वाटतं, आणि नसतो."

सायमन तिच्यासमोर बसला. ती उठून तासभर झाला होता, म्हणजे बोलायला परवानगी होती. "तुझीही बोटं?"

"माझीही म्हणजे?" तिने वर पाहिलं. "मला वाटलं टायपिंगने. कळ दाबली की नाही ते पडद्यावर बघावं लागतं. सायमन, तुझ्या बोटांना काय झालं?"

त्याने सांगितलं. खवट तेलाचं, यायरकाकांचं. सांगताना त्याने नेहमीप्रमाणे दोन विनोद घातले. तिने ते हसून घेतले.

"म्हातारे झालो, दुसरं काय," ती म्हणाली. "पण एक सांगू? बोटांचं सोड, बाकी गेले काही महिने फार बरे गेले. मी घाबरले होते रे. निरीतसारखं होणार असं वाटायचं मला. पण तू पहाटे तेवढ्यासाठी येतोस ना, मला झोपेतही कळतं. आणि हल्ली घाई करत नाहीस. बराच वेळ धरून बसतोस."

"बसतो कुठे? वाकतो. पलंगाच्या कडेला."

"कडेला बसतोस. गादी दबते ना."

"बरं, बसत असेन."

"त्या बारक्या पलंगावर तुला जागा तरी कुठे असते? तोवा असती तर म्हणाली असती, पप्पा, माझा पलंग मोडेल."

सायमनने हातातली पोळी खाली ठेवली. "तोवाचा पलंग?"

"मग?"

"तू तोवाच्या खोलीत झोपतेस?"

हेप्झिबाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो थट्टा करतोय की काय. "गणपतीपासून. तुझी झोप मोडते म्हणून. तुला सांगितलं की मी."

"कधी?"

"रात्री. तुझ्या शेजारी पडले होते तेव्हा. मी म्हटलं, उद्यापासून मी तोवाच्या खोलीत झोपते, तू पहाटे तिथे ये. तू म्हणालास, हं, बरं."

सायमन रात्री नऊनंतर कशालाही "हं, बरं" म्हणतो. त्या हं-बरंवर एकदा त्याने गीझर घ्यायला होकार दिला होता आणि सकाळी माणूस बसवायला आल्यावर त्याला कळलं होतं. आजवर या गोष्टीवर ती दोघं खूप हसली होती.

"हेप्झिबा," तो म्हणाला, "मी तोवाच्या खोलीत पहाटे एकदाही आलेलो नाही."

तिने हातातला तुकडा टेबलावर ठेवला.

"मी आपल्या खोलीतच... तुझ्या बाजूला वाकतो. तू हात देतेस. रोज देतेस. विचारतेस, निघालास का."

खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणावर तरी ओरडत होता. हेप्झिबाने कपाचे तुकडे कागदात बांधले, गाठ मारली. गाठ बसली की नाही ते तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"तरीच," ती म्हणाली. "चादर बदलताना दोन्ही बाजू चुरगळलेल्या असतात. मी म्हटलं, एकटा आहे, लोळत असेल."

६

दुपारच्या लख्ख उजेडात दोघांनी खोली पाहिली. काळा पडदा सायमनने ओढून बाजूला केला. तो पडदा उघडा त्याने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. पहाटे निघणारा माणूस आपली झोपायची खोली उजेडात बघतो कधी? पलंग, दोन उशा, दोन पांघरुणं. तिच्या बाजूचं पांघरूण घडी घातलेलं.

"हे घडी कोण घालतं?" त्याने विचारलं.

"मी समजत होते तू."

पलंगाखाली पाहिलं, कपाट पाहिलं. सायमनने भिंतीवर हातसुद्धा फिरवला आणि मग आठवलं की हाताला काही कळत नाही. त्याने पुष्कळ कारणं लावून पाहिली. माणूस अर्धवट झोपेत सवयीने करतो आणि झालं असं समजतो. दुकानात नाही का, कुलूप लावलं की नाही ते आठवत नाही, परत जावं तर लावलेलं असतं. त्याने रिकाम्या उशीची हातबोशी केली असेल. तिला स्वप्न पडत असेल. दोघांना एकच? का नाही, इतक्या वर्षांत जेवणसुद्धा एकच आवडायला लागतं.

"आवाज?" हेप्झिबाने विचारलं. "निघालास का, हे?"

सायमनने पडदा पुन्हा ओढून घेतला.

संध्याकाळी तोवाचा व्हिडिओ कॉल आला. दोघं शेजारी बसून बोलली. तोवा म्हणाली, "आज चक्क दोघं एकत्र जागे! काय मुहूर्त आहे?" हेप्झिबा म्हणाली, "शनिवार आहे गं." फोन ठेवल्यावर तिने सायमनचा हात हातात घेतला. दोघांनी त्या हातांकडे पाहिलं.

"लागतंय काही?"

"नाही. तुला?"

"नाही." ती जराशाने म्हणाली, "तिथे लागतं का रे? पहाटे?"

सायमनने खरं सांगितलं. "हो. गार असतो. मऊ. तिथे सगळं लागतं."

"मलाही," हेप्झिबा म्हणाली. "तुझा घट्टे पडलेला अंगठा. त्यावरची खूण. सगळं."

घाण्यात अंगठा सापडून झालेली ती जखम, सुरुवातीच्या दिवसांतली. तिच्या स्वरात सुख होतं, हे सायमनला कळलं आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग तिनेच ठरवलं. त्या दोघांना एकच वेळ अशी होती जिथे रात्र आणि सकाळ एकमेकींना शिवतात. तिचा शेवटचा तास आणि त्याचा पहिला. ती वेळ त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही एकत्र घालवली नव्हती, कारण ती झोपायच्या घाईत असे आणि तो निघायच्या. "सोमवारी," ती म्हणाली. "तू लवकर झोप, सोफ्यावर. मी जागीच असते. तू उठलास की स्वयंपाकघरात बसू. दोन्ही खोल्या रिकाम्या ठेवू. आणि काही झालं नाही तर चहा पिऊ. तेवढं तरी होईल."

७

सायमन सोफ्यावर सात वाजताच झोपला. जाग आली तेव्हा हेप्झिबा स्वयंपाकघरात दिवा लावून बसली होती, समोर दोन कप. तिच्या डोळ्यांखाली दिवस मावळायला आला होता, त्याचा उगवत होता. तो तोंड धुऊन आला, अंगावर दुकानाचा सदरा चढवला. खुर्च्या अशा मांडल्या होत्या की समोर बोळ दिसावा. उजवीकडे तोवाची खोली, डावीकडे त्यांची. दोन्ही दारं अर्धी उघडी.

"छान वेळ आहे ही," हेप्झिबा म्हणाली. "आपण उगाच वाया घालवली."

"आता रोज बसू."

"खरंच बसशील?"

"हं, बरं," तो म्हणाला, आणि ती हसली. खरोखर हसली. दोघं एकाच वेळी ताजी नसली तरी फार दिवसांनी अशी एकत्र होती. चहा चांगला झाला होता. तो किती गरम आहे हे ओठांनाच कळत होतं.

तेवढ्यात त्यांच्या खोलीत फोन थरथरला.

सायमनने खिसा चाचपला. संध्याकाळी सोफ्यावर झोपायला जाताना फोन त्याने सवयीने पलंगावरच्या उशीखाली ठेवला होता. थरथर लाकडातून येत होती, घोंगावणाऱ्या माशीसारखी. तो उठायला गेला.

थरथर थांबली.

आपोआप थांबते का ती? त्याने आठवून पाहिलं. नाही थांबत. बोट लावावं लागतं.

पलंग करकरला. एकदाच, कुणी कूस बदलल्यासारखा. हेप्झिबाने टेबलावरून हात पुढे केला आणि सायमनने तो धरला. दोघं उठली की कुणी एक उठलं आणि दुसरं ओढलं गेलं, ते सांगता येणार नाही. दोघं बोळाच्या तोंडाशी आली. स्वयंपाकघरातला उजेड दाराच्या फटीतून आत एका पट्टीपुरता जात होता. त्या पट्टीत पलंगाची कड दिसत होती, बाकी काळोख.

कडेवर एक हात होता, तळवा वर. बाईचा. आणि त्याला दोन हातांनी धरलं होतं. वरच्या अंगठ्यावर जुनी खूण होती.

ते हात घाईत नव्हते. मग ते सुटले, उजेडाच्या पट्टीतून वर काळोखात गेले, आणि ओठांचा बारीकसा आवाज आला.

"तीळ," आत हेप्झिबा म्हणाली. झोपाळू, खट्याळ.

कुणीतरी हसलं. सायमनने ते हसणं ओळखलं. ती बरोबर आली की तो तसाच हसायचा.

शेजारी उभ्या हेप्झिबाने त्याची बोटं हळूच वर नेली आणि आपल्या नाकाशी धरली. तिने लांब श्वास घेतला. मग दुसरा. तिने नकारार्थी मान हलवली. काल दिवसभर त्याने तीळच गाळला होता.

बाहेर हमरस्त्यावर कंटेनरची गाडी गेली, काचा थरथरल्या. आनंदा शटरसमोर येऊन उभा असेल, सायमनच्या मनात आलं. चावी माझ्याकडे आहे. एवढंच आलं, दुसरं काही आलं नाही.

"निघालास का?" आतून विचारणा झाली.

सायमनचे ओठ सवयीने उघडले. हो, निघालो. आवाज फुटला नाही, पण आतून उत्तर आलं, त्याच्याच आवाजात, सावकाश, जणू दिवसभर कुठेच जायचं नाही.

"नाही. आज थांबतो."

आणि मग आतली ती दोघं बोलू लागली. शब्द कळत नव्हते. नुसती गुणगुण, मध्येच हसू, मध्येच लांब गप्प, आणि पुन्हा बोलणं. सायमन आणि हेप्झिबा ऐकत उभी राहिली. किती सांगायचं राहून गेलं होतं त्या दोघांचं.

बऱ्याच वेळाने हेप्झिबाने सायमनचा हात सोडला. ती दोन पावलं पुढे गेली आणि, आत कुणी झोपलेलं असताना इतकी वर्षं दोघांनी ओढून घेतलं होतं तसंच, आवाज न करता, दार ओढून घेतलं.